एकवीस की तेवीस

सरांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: नियमांवर आणि स्वतःवर. दोन्हींत भांडण लागलं तर कुठली बाजू घ्यायची, हा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता, कारण नियम तेच करायचे.

संगणक विभागाचे ते प्रमुख. दरवर्षी विभागात प्रोग्रॅमिंगची स्पर्धा व्हायची आणि तिचे सगळे कायदेकानून सरांचे. मुलांनी लॅबमध्ये बसायचं, प्रश्न वाचायचा, प्रोग्राम लिहून पाठवायचा. सर्व्हरवरचं परीक्षण-यंत्र तो प्रोग्राम लपवलेल्या आकड्यांवर चालवून बघायचं आणि लाल किंवा हिरवा दिवा दाखवायचं. शंका असेल तर तोंडाने विचारायची नाही, लिहून पाठवायची. परीक्षक उत्तर देणार ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘प्रश्न नीट वाचा’. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: एकाच प्रश्नाला कितीही वेळा पाठवा, धरलं जाईल ते शेवटचं. ‘अंधारात दगड मारत बसायचं नाही,’ सर दरवर्षी बजावायचे. ‘शेवटी जे पाठवाल ते तुमचं. त्याच्यामागे उभं राहायचं.’ मुलं माना डोलवायची. मान डोलावणं हाही विभागाचा एक अलिखित नियमच होता.

यंदा स्पर्धेत त्यांची स्वतःची मुलगी बसली होती.

घरात तिला ठकी म्हणत. हे नाव आईने ठेवलं होतं. आई गेली आणि नाव, स्वयंपाकघर, सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असं सगळं ठकीकडे आलं. सरांना आपले मोजे कुठल्या खणात असतात हे ठाऊक नव्हतं. गॅसचा लायटर हातात दिला तर ते तो पेनासारखा धरायचे. सकाळी पाण्याच्या ग्लासाशेजारी वाटीत दोन गोळ्या काढून ठेवलेल्या असायच्या, आणि त्या आपोआप उगवतात अशा थाटात सर त्या गिळायचे.

अशात ठकीला दूरच्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. तिने स्वतःच अर्ज केला, स्वतःच मुलाखत दिली आणि मग एक दिवस जेवताना सांगून टाकलं. सरांचा घास हातातच राहिला. नाही म्हणायची सोय नव्हती; मावशी समोर बसली होती आणि मावशी म्हणजे गावभर फिरणारा कर्णा. तेव्हा सर हसले आणि म्हणाले, “जा की! मी कशाला अडवू? पण तिथे सगळे वाघ असतात बरं. आधी आपल्या विभागाच्या स्पर्धेत पहिली येऊन दाखव, मी स्वतः तुला सोडायला येईन. नाही आलीस, तर इथेच एम.एस्सी. कर. ठरलं?”

“ठरलं,” ठकी म्हणाली.

मावशी म्हणाली, “अहो भाओजी, पोरीच्या आयुष्याची पैज लावता?”

“पैज कसली? कसोटी आहे.”

ठकी हुशार होती, पण हळू होती. दहा वेळा तपासल्याशिवाय पुढे जायची नाही. स्पर्धेत अशांचं काही चालत नाही, हे सरांना माहीत होतं, आणि सांगायला लाज कशाला, त्याच भरवशावर त्यांनी ते औदार्य दाखवलं होतं.

आता मुलगीच स्पर्धेत म्हटल्यावर लोकांची तोंडं कोण धरणार? म्हणून सरांनी यंदा सोवळं फारच कडक पाळलं. प्रश्न स्वतः काढले, उत्तरांचे प्रोग्राम स्वतः लिहिले, लपवलेले आकडे स्वतः तयार केले. एरवी विभागातल्या नव्या मॅडम दुसऱ्या बाजूने सगळं सोडवून ताडून बघायच्या. यंदा सर म्हणाले, “नको मॅडम. जितके डोळे कमी तितकं बरं.” मॅडमना वाईट वाटलं, पण त्यांनी मान डोलावली.

शेवटचा, सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न होता पुलाचा. जुनाच प्रश्न, सरांचा लाडका. रात्रीची वेळ, माणसं पुलाच्या एका टोकाला. पूल मोडकळीला आलेला. एका वेळी दोघांहून जास्त जाऊ शकत नाहीत. टॉर्च एकच, आणि तिच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. म्हणजे दोघं पलीकडे गेली की कोणीतरी टॉर्च घेऊन परत यायला हवं. प्रत्येकाची चाल वेगळी, आणि जोडी जाते ती सावकाश चालणाऱ्याच्या चालीने. सगळे पलीकडे जायला कमीत कमी किती वेळ?

वर्गात सर हा प्रश्न रंगवून सांगायचे. “चौघं आहेत. एकाला पूल ओलांडायला एक मिनिट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच, चौथ्याला दहा. तुम्ही काय करता? सर्वांत चपळ माणसाला हमाल करता! त्याने एकेकाला सोडायचं आणि टॉर्च घेऊन परत यायचं. दोन, एक, पाच, एक, दहा: एकोणीस मिनिटं. आणि मी काय करतो? आधी दोन चपळ पलीकडे पाठवतो, दोन मिनिटं. एकजण परत, एक. मग दोन्ही गोगलगाई एकदम सोडतो, दहा मिनिटं. पाचवाला दहावाल्याच्या पदरात लपला की नाही? मग पलीकडचा दुसरा चपळ परत, दोन, आणि शेवटी दोघं मिळून पुन्हा दोन. सतरा! गोगलगाईंची जोडी लावा रे, जोडी लावा!” वर्ग हसायचा. वर्षानुवर्षं हसत आला होता. सरांच्या विद्यार्थ्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते ‘जोडी लावा’ म्हणाले असते.

पाठ केलेल्या शहाणपणाचं हेच असतं. ते एकदा उपयोगी पडतं आणि मग माणूस ते कुठेही ठोकायला लागतो.

स्पर्धा सुरू झाली. सर आपल्या केबिनमध्ये, सर्व्हरच्या पडद्यासमोर. काचेतून लॅब दिसत होती. तिसऱ्या रांगेत ठकी, केस वर बांधलेले, ओठ दाताखाली. सरांच्या शेजारच्या खुर्चीवर नव्या मॅडम, शंकांना उत्तरं द्यायला. सरांनी मधूनमधून गुणांची यादी बघितली. ठकी पुढे होती. एकही प्रश्न तिला दुसऱ्यांदा पाठवावा लागत नव्हता. तिचा हळूपणा आज तिच्या कामी येत होता. उरला होता फक्त पूल.

तिने पुलाचं उत्तर पाठवलं. लाल.

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. सोडला म्हणजे सोडला. त्यात बापाचं काळीज वगैरे काही आडवं आलं नाही. मोजे, गोळ्या, गॅस सगळं जागच्या जागी राहणार होतं. सुंठीवाचून खोकला गेला.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “पुलाला काही जणांना लाल येतंय.”

“येणारच. हमाल लावला असेल त्यांनी.”

“नाही, पण त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा कमी येताहेत. आपण कमीत कमी विचारलंय ना? मग आपल्यापेक्षा कमी कसं येईल?”

“प्रोग्राम चुकला की काहीही येतं. एखाद्याला उणेसुद्धा येईल!”

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी लपवलेल्या आकड्यांचा एक संच उघडला. त्यात चौघंच होते: एक, चार, पाच आणि दहा मिनिटंवाले. सरांच्या प्रोग्रामचं उत्तर होतं तेवीस. मॅडमनी एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांडायला घेतलं.

“तुमच्या पद्धतीने बघू, सर. एक आणि चार पलीकडे: चार. एक परत: पाच झाले. पाच आणि दहाची जोडी पलीकडे: पंधरा. आता टॉर्च आणायला चारवाला परत येणार: एकोणीस. आणि शेवटी एक-चार पुन्हा पलीकडे: तेवीस. बरोबर?”

“मग? तेच तर आहे.”

“आता हमाल लावते. एक आणि दहा पलीकडे: दहा. एक परत: अकरा. एक आणि पाच: सोळा. एक परत: सतरा. एक आणि चार: एकवीस.” पेन्सिल थांबली. “सर, एकवीस होतंय.”

सर कागदाकडे बघत राहिले. त्यांनी एकदा बेरीज केली, मग बोटांवर केली, मग डोळे मिटून केली. एकवीस ते एकवीसच.

“दोन नंबरचा चपळ इथे चपळच नाहीये,” मॅडम हळूच म्हणाल्या, जणू सरांना लागू नये. “जोडी लावून पाच मिनिटं वाचतात, पण त्यासाठी चारवाल्याला उगाच दोन खेपा जास्तीच्या पडतात. म्हणजे दर वेळी दोन्ही हिशेब करून जो कमी तो घ्यायला हवा. कधी जोडी, कधी हमाल.”

इतकी वर्षं सरांनी फळ्यावर एकच उदाहरण लिहिलं होतं. त्या उदाहरणात दोनवाला होता, चारवाला नव्हता. इतकीच गंमत.

“ठीक आहे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. कान मात्र तापले होते. “बघतो मी. आत्ता मध्येच घोषणा केली तर गोंधळ होईल. तुम्ही जरा चहा घेऊन या.”

“पण सर, मुलं अजून लिहिताहेत. आत्ताच सांगितलं तर...”

“चहा घेऊन या, मॅडम.”

मॅडम गेल्या. सरांनी ठकीचा प्रोग्राम उघडला. नेटका, तिच्या कपाटासारखा. प्रत्येक फेरीला एक ओळ होती: दोन नंबरच्याची दुप्पट एकीकडे, पहिला आणि शेवटून दुसरा यांची बेरीज दुसरीकडे, जे कमी त्याप्रमाणे चाल. एका ओळीत सगळं. वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. बाप तर उलटंच शिकवत होता. क्षणभर, अगदी क्षणभर, सरांना इतका अभिमान वाटला की काच ठोठावून तिला हाक मारावीशी वाटली. मग त्यांना आठवलं की ती पहिली आली तर जाणार.

तेवढ्यात पडद्यावर शंका आली. तिसरी रांग. ‘एक, चार, पाच, दहा या चौघांसाठी अपेक्षित उत्तर एकवीस आहे का?’

पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. ‘हो’ म्हटलं तर यंत्र खोटं ठरतं. ‘नाही’ म्हटलं तर आपण खोटे ठरतो. सरांनी टाइप केलं: ‘प्रश्न नीट वाचा.’

काचेपलीकडे ठकीने ते वाचलं. तिने मान वर केली आणि थेट केबिनकडे बघितलं. रडवेली वगैरे नव्हती ती. उलट, घरी सर चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत असले की ती जशी बघायची, तशी बघत होती. मग तिने कीबोर्ड पुढे ओढला.

काही वेळात तिसऱ्या रांगेतून दुसरं उत्तर आलं. हिरवं. ठकी पहिली.

सरांनी ते उघडलं. प्रोग्राम तोच होता. फक्त त्या एका ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या होत्या. अशा रेघा मारल्या की ती ओळ नुसती शेरा ठरते, यंत्र तिच्याकडे लक्ष देत नाही. तिच्याखाली नवी ओळ: नेहमी जोडी लाव. बरोबर ओळ तिने खोडलीसुद्धा नव्हती. बाजूला उभी करून ठेवली होती, नातेवाइकांच्या फोटोत नको असलेल्या माणसाला करतात तशी.

म्हणजे तिने ओळखलं होतं. बाप कुठे चुकला हे ओळखलं होतं, आणि बाप चूक कबूल करणार नाही हेही ओळखलं होतं. त्या दुसऱ्या ओळखीवर तिने आपलं जाणं पणाला लावलं होतं.

सरांना चुकल्याचं इतकं लागलं नाही. ओळखलं गेल्याचं लागलं. आणि मग, केबिनमध्ये एकटे बसले असताना, त्यांना एक गोष्ट सुचली. ती इतकी साधी आणि इतकी नियमाला धरून होती की ते स्वतःच चकित झाले.

वेळ संपल्यावर सगळे सभागृहात जमले. प्राचार्य मंचावर, सरांच्या हातात माईक.

“निकालाआधी मला एक कबुली द्यायची आहे,” सर म्हणाले. “पुलाच्या प्रश्नात चूक झाली. मुलांची नाही. माझी. वर्षानुवर्षं मी जी पद्धत शिकवत आलो, ती प्रत्येक वेळी लागू पडत नाही. मी ते तपासायला हवं होतं, नाही तपासलं. आत्ताच मी परीक्षण-यंत्रातली उत्तरं दुरुस्त केली आहेत आणि सगळ्यांचे प्रोग्राम पुन्हा तपासले आहेत.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. विभागप्रमुखाने भर सभेत ‘माझी चूक’ म्हणणं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. ठकीनेही वाजवली. तिचा चेहरा उजळला होता. ओठ किंचित उघडे होते. बाप बदलला, असं तिला त्या वेळी खरंच वाटलं असणार.

“अर्थात, नियम तोच,” सर म्हणाले. “धरलं जातं ते शेवटचं उत्तर.”

ठकीचे हात टाळीच्या मध्येच थांबले.

मंचाच्या पायरीजवळ उभ्या असलेल्या मॅडम पुढे सरकल्या. “सर,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “हे बरोबर नाही. ज्यांनी आधी बरोबर पाठवलं आणि मग बदललं, त्यांना आपल्या यंत्रानेच चुकवलंय. त्यांचं पहिलं उत्तर धरायला हवं.”

सरांनी माईक बाजूला केला नाही. उलट जवळ घेतला. “मॅडम म्हणताहेत की ज्यांनी उत्तर बदललं त्यांचं पहिलं धरा. माणुसकीच्या दृष्टीने योग्य आहे. पण मित्रांनो, असं बदलणारी स्पर्धक एकच आहे, आणि ती माझी मुलगी आहे. आज तिच्यासाठी मी नियम वाकवला, तर उद्या तुम्ही मला काय म्हणाल? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असंच ना?”

सभागृह हेलावलं. प्राचार्यांनी उठून सरांच्या पाठीवर हात ठेवला. मॅडम पुन्हा मागे सरकल्या. आता काहीही बोललं तरी ते वशिला ठरलं असतं.

पहिला आला मागच्या रांगेतला एक मुलगा. त्याने बरोबर प्रोग्राम पाठवला होता, लाल दिवा बघितला होता, आणि ‘जाऊ दे, मरू दे’ म्हणत कँटीनमध्ये निघून गेला होता. त्याला तिथून शोधून आणावं लागलं. सरांनी त्याच्या हातात करंडक दिला आणि म्हणाले, “बघा, आपल्या उत्तरामागे उभं राहणं याला म्हणतात.” मुलाने तोंडातला घास गिळला आणि मान डोलावली.

घरी जाताना दोघं एकाच स्कूटरवर होती. आत आल्यावर ठकीने चप्पल काढली, दिवा लावला आणि दारातच उभी राहिली.

“बाबा, माझं पहिलं उत्तर तुम्ही बघितलं होतं?”

“हो.”

“आणि ते बरोबर होतं.”

“अगदी बरोबर होतं. सुंदर लिहिलं होतंस. मला अभिमान वाटला.”

“मग मी शंका विचारली, तेव्हा उत्तर तुम्हीच लिहिलं?”

सर खुर्चीत बसले. बूट काढायला वाकले. “हो.”

“तेव्हा तुम्हाला माहीत होतं एकवीस आहे ते?”

खोटं बोलता आलं असतं. पण सभागृहात प्रामाणिकपणाच्या टाळ्या खाऊन सरांना त्याची गोडी लागली होती. “माहीत होतं,” ते म्हणाले. “पण मी तुला बदल म्हणालो नव्हतो. तुझं खरं होतं, तर तू त्यावर उभी का नाही राहिलीस? बाप चुकतोय असं कळल्यावर तू काय केलंस? बापाची चूक कॉपी केलीस. खोटं आहे हे माहीत असताना पाठवलंस. तुझ्यापेक्षा तो कँटीनवाला बरा.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ते हेच.

ठकीला रडू आलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. समजूत घालता आली असती, डोक्यावरून हात फिरवता आला असता. पण ती नुसती बघत होती. “मी तुमच्यावर पैज लावली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही कधीच ‘चुकलो’ म्हणणार नाही.”

“मग? म्हणालो की नाही?”

“म्हणालात,” ठकी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सरांनी तिला समोर बसवून त्या दूरच्या संस्थेला फोन लावायला सांगितला. उगीच कोणाची जागा अडवून ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. सगळं ऐकू यावं म्हणून स्पीकर त्यांनीच चालू केला.

पलीकडे एक बाई होत्या, बोलायला मायाळू. “अगं, इतकी चांगली मुलाखत झाली होती तुझी! मुलाखत घेणाऱ्या सरांनी खास सांगून ठेवलंय इथे. नक्की नाही यायचं? थोडे दिवस थांबून बघतेस का?”

ठकीने बापाकडे बघितलं. सरांनी मान हलवली.

“नाही. नक्की.”

“बरं. मग कारण काय लिहू? घरची अडचण आहे का काही?”

सर पुढे वाकले. घरची अडचण म्हणजे लोक विचारणार, कसली अडचण. त्यांनी टेबलावर बोट आपटून तिचं लक्ष वेधलं आणि ओठांनी, आवाज न करता, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. ठकी त्यांच्या ओठांकडे नीट बघत होती. सगळं कळेपर्यंत ती थांबली.

“स्वतःच्या इच्छेने,” ती फोनमध्ये म्हणाली.

“स्वतःच्या इच्छेने,” बाईंनी लिहिता लिहिता पुन्हा म्हटलं. “आणि हे शेवटचंच ना? नंतर बदलता येणार नाही हं.”

“हो,” ठकी म्हणाली. “शेवटचंच.”

सरांनी स्पीकर बंद केला. विभागात जायला उशीर होत होता. त्यांनी मोजे मागितले.